आपल्याच ग्रुपची शुभ सकाळ: जवळच्या मित्रमैत्रिणींना सकाळचा छोटा मेसेज कसा लिहावा

जानेवारी २०१८ मध्ये एक बातमी बरीच गाजली होती. भारतातले स्मार्टफोन सतत ‘जागा संपली’ का म्हणतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना फुलं, सूर्योदय आणि तान्ही बाळं असलेल्या गुड मॉर्निंगच्या चित्रांचा डोंगर सापडला. त्याच वर्षीच्या जुलैत व्हॉट्सअॅपने पुढे ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी पट्टी दाखवायला सुरुवात केली. तेव्हापासून गुलाबाचं चित्र कुणी मनापासून पाठवलं तरी पाहणारा आधी ती पट्टी बघतो. मजकूर कॉपी करून चिकटवला तर पट्टी येत नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं ते कळतंच.

हा लेख सोसायटीच्या, नातेवाइकांच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपसाठी नाही. तिथे गुलाब चालतो, आणि न पाठवलेलाही चालतो. इथे विचार आहे तो चार-सहा जणांच्या अशा ग्रुपचा, जिथे प्रत्येकाला प्रत्येकाच्या आईचा स्वभाव माहीत असतो. अशा ठिकाणी उसना मेसेज जास्त खुपतो. कारण साधं आहे: इतकं माहीत असलेल्या माणसाने काहीच माहीत नसल्यासारखं का बोलावं?

समजा कोल्हापूरच्या एका कॉलेजात, एकाच हॉस्टेलवर राहिलेल्या पाच मैत्रिणी आहेत. आता वय चाळिशीच्या आसपास. तुम्ही नाशिकला. वैजू नर्स आहे, राहते डोंबिवलीत, नोकरी मुंबईच्या हॉस्पिटलात, आठवड्यातल्या काही रात्री ड्युटी. सुमी दुबईत. रेवू पुण्यात, तिच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होणार आहे. आणि पाचवी कोल्हापुरातच हायस्कूलवर शिकवते, तिला सगळ्या मास्तरीणच म्हणतात. पुढची सगळी उदाहरणं या पाचजणींचीच घेते. तुमच्या ग्रुपची माणसं त्या जागी बसवायची.

आधी कुणाची सकाळ कशी असते ते लिहून काढा

हे काम एकदाच करायचं असतं आणि सहसा कुणी करत नाही. एका कागदावर किंवा फोनच्या नोट्समध्ये प्रत्येकीचं नाव लिहायचं आणि पुढे ती सकाळी सात वाजता कुठे असते ते लिहायचं. मतं नकोत, गोष्टी हव्यात.

वैजू रात्रपाळी असेल तर सातला हॉस्पिटलातच असते. आठनंतर निघते, सगळी मुंबई आत येत असताना ती उलट्या दिशेच्या लोकलने घरी जाते, त्यामुळे तिला बसायला मिळतं. तिची सकाळ म्हणजे झोपायची वेळ. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, म्हणजे नाशिकला सात वाजता सुमीकडे साडेपाच. मास्तरीण एरवी निवांत असते, पण शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शनिवारी सात वाजता ती पिन तोंडात धरून साडी नेसत असते. रेवू आठपर्यंत वडिलांच्या गोळ्या आणि स्वतःचा डबा यांच्यात अडकलेली.

एवढं समोर आलं की दोन गोष्टी आपोआप ठरतात. पहिली, वेळ. सातचा मेसेज सुमीचा फोन साडेपाचला वाजवेल, म्हणून साडेआठ बरे: दुबईत सात वाजलेले, वैजू गाडीत, रेवू मोकळी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘तुमच्या दिवसाची सुरुवात प्रसन्न होवो’ हे वाक्य वैजूसाठी चुकीचंच आहे, कारण तिचा दिवस संपतोय. रात्रभर उभं राहिलेल्या बाईला ‘उठा, सकाळ झाली’ म्हणणं म्हणजे ती लक्षातच नाही असं सांगणं. तयार मेसेज नेमका इथे उघडा पडतो. सगळे एकाच वेळी, एकाच खिडकीत, एकच सूर्य बघतायत असं तो धरून चालतो.

कच्चा माल: आज दिसलेली एक गोष्ट

मेसेज लिहायला बसलं की डोक्यात आधी ‘सुंदर’ शब्द येतात. आनंद, उत्साह, स्मितहास्य, सोनेरी किरणं. ते बाजूला ठेवा आणि उठल्यापासून काय काय दिसलं, ऐकू आलं, हाताला लागलं ते आठवा. त्यातली एकच गोष्ट उचला. ती मोठी असायची गरज नाही, उलट जितकी फालतू तितकी चांगली. गॅस पेटताना लायटरने चार वेळा दगा दिला. वॉचमन स्वेटरवर टोपी आणि टोपीवर मफलर घालून बसलाय. शेजारच्या आजोबांचा रेडिओ आज बंद आहे. कुकरची पहिली शिट्टी आणि शाळेच्या रिक्षाचा हॉर्न एकदमच झाला.

निवडताना एक चाळणी लावायची: ही गोष्ट कालही अशीच घडली असती का? सूर्य काल पण उगवला होता, पक्षी काल पण ओरडले होते. लायटरचा दगा आजचाच. ‘आज’ ज्यात आहे ते कधीच कॉपी वाटत नाही, कारण ते कॉपी करायला दुसरीकडे उपलब्धच नसतं.

काहीच सुचत नाही असे दिवस येतात. तेव्हा पंचांग आणि भाजी मंडई या दोन गोष्टी मदतीला येतात. जानेवारीत निफाडकडचा पारा खाली गेला की नाशिककरांना बोलायला विषय लागत नाही, आणि मंडईत हरभऱ्याचे डहाळे आलेले असतात. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षांच्या गाड्या. एप्रिलमध्ये आंब्याची पेटी कुणाच्या घरी आधी आली यावरून भांडण. सात-आठ जूनच्या सुमाराला मृग लागतो. श्रावणात ऊन पडलंय म्हणून कपडे वाळत घालावेत तर सर येते. ऑक्टोबरच्या उन्हाने दिवाळीआधीची साफसफाई जड जाते. यातलं एकेक वर्षातून एकदाच येतं, म्हणून पुनरुक्तीचा प्रश्न येत नाही. आणि सुमीसारख्या लांब राहणाऱ्यांना या बारीकसारीक बातम्यांचीच भूक असते. नाशिकची थंडी किती अंश आहे ते तिला फोनवर दिसतं. डहाळे आले का, हे दिसत नाही.

एक मेसेज सुरुवातीपासून

जानेवारीतला मंगळवार धरा. वैजूची रात्रपाळी होती. पहिल्या फटक्यात बोटांतून हे उतरतं:

*शुभ सकाळ माझ्या लाडक्या मैत्रिणींनो! तुमचा आजचा दिवस आनंदाने, उत्साहाने आणि समाधानाने भरून जावो.*

चूक काहीच नाही, पण हा कुणीही कुणालाही पाठवू शकतं. म्हणून थोडं खरं करायचा प्रयत्न:

*शुभ सकाळ! नाशिकला आज खूप थंडी आहे. तुमच्याकडे काय? काळजी घ्या.*

आता गाव आलं, पण हे हवामान खात्याचं पत्रक झालं. ‘खूप थंडी’ म्हणजे किती, ते दिसत नाही. ‘तुमच्याकडे काय?’ हा प्रश्न सगळ्यांना आहे, म्हणजे कुणालाच नाही. उत्तर येईल ‘इथेही’ आणि संभाषण तिथेच बसेल. ‘काळजी घ्या’ तर निरोपाच्या वेळचं वाक्य. आता कच्च्या मालाकडे वळू. सकाळी दार उघडलं तेव्हा दूधवाले काका कसे दिसत होते?

*आज सकाळी जेव्हा मी दूध घ्यायला दार उघडलं तेव्हा दूधवाल्या काकांनी इतका मफलर गुंडाळला होता की त्यांचे फक्त डोळेच दिसत होते. वैजू, तू झोप. शुभ सकाळ सगळ्यांना!*

हे जवळ आलं, पण वाक्य लांबलं आणि मजा मध्येच सांडली. ‘आज सकाळी जेव्हा मी’ एवढा भाग काढला तरी काही बिघडत नाही, कारण सकाळ आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि दार कुणी उघडलं तेही. वैजूला ‘झोप’ म्हटलंय ते चांगलं, पण जरा कोरडं. मग:

*दूधवाल्या काकांचे आज फक्त डोळे दिसले, बाकी सगळा मफलर. वैजू, तू हे आत्ता वाचू नकोस, घरी जाऊन झोप, दुपारी बघ. बाकीच्या उठा गं.*

हा पाठवायचा. यात ‘शुभ सकाळ’ हे शब्द नाहीत आणि त्यांची उणीवही भासत नाही, कारण ‘बाकीच्या उठा गं’ तेच काम करतं. ‘हे आत्ता वाचू नकोस’ हे अर्थात वैजू आत्ताच वाचणार, आणि गाडीत एकटीच हसणार. सगळं मिळून पंचवीसेक शब्द. माझा अंदाज असा, की वीस ते तीस शब्दांत दोन-तीन वाक्यं बसली तर मेसेज मेसेज राहतो. त्यापुढे गेलं की लोक ‘नंतर वाचू’ म्हणतात आणि वाचत नाहीत.

सुरुवातीच्या शब्दांचं एक व्यावहारिक कारणही आहे. फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजची फक्त सुरुवात दिसते. तिथे ‘शुभ सकाळ मैत्रिणींनो’ दिसलं तर पुढचं वाचायची गरजच उरत नाही, बोट बाजूला सरकवतं. ‘दूधवाल्या काकांचे आज फक्त डोळे’ एवढं दिसलं तर मेसेज उघडावाच लागतो. म्हणून अभिवादन करायचंच असेल तर शेवटी करा, आधी गोष्ट सांगा.

पाठवण्याआधीची तपासणी एकच आहे, पण कडक लावायची. हाच मेसेज दुसऱ्या एखाद्या ग्रुपवर, अगदी चुलत बहिणींच्या, तसाच्या तसा पाठवता येईल का? येत असेल तर अजून एक गोष्ट घाला जी फक्त या पाचजणींची आहे. वरच्या मेसेजात ती वैजूची पाळी आहे.

ऊब कुठून येते

मेसेज मायेचा वाटावा म्हणून लोक विशेषणं वाढवतात. लाडक्या, गोड, अनमोल. त्याने मेसेज शुभेच्छापत्रासारखा होतो. ऊब येते ती काल तिने जे सांगितलं होतं ते आज लक्षात असण्यातून. रेवूने काल रात्री ग्रुपवर लिहिलं असेल की बाबा वॉकर घ्यायला तयार नाहीत, तर आजच्या मेसेजात ‘रेवू, वॉकरचं काय ठरलं? बाबांना म्हणावं चालवून बघा, आवडला नाही तर परत करू’ एवढं आलं तरी पुरे. याच्यासमोर ‘तू खूप खंबीर आहेस’ हे वाक्य फिकं आहे. आणि लक्षात राहत नसेल तर लिहून ठेवा. त्यात खोटेपणा काही नाही, आपल्या आया लोकांचे वाढदिवस कॅलेंडरवरच लिहून ठेवायच्या.

दुसरी ऊब भाषेच्या छोट्या तुकड्यांत असते. ‘गं’, ‘रे’, ‘बरं का’, ‘हं’, ‘ना’, ‘बाई’, ‘म्हटलं’. ‘झोप’ आणि ‘झोप बाई आता’ यांत अंतर आहे. ‘चहा झाला?’ आणि ‘झाला का गं चहा?’ यांतही. बोलताना आपण हे तुकडे सहज टाकतो, टाइप करताना मात्र उगाच सभ्य होतो. उपाय असा, की मेसेज लिहून झाला की ओठांत पुटपुटायचा. समोर बसलेल्या वैजूला तुम्ही हे असंच म्हटलं असतं का? ‘सुप्रभात सख्यांनो’ म्हटलं असतं का? हॉस्टेलवर ‘ए उठा की गं, नाष्टा संपला’ म्हणायचात तर तेच लिहा. कोल्हापुरात वाढलेल्यांनी ‘उठलीस काय?’, ‘आवर की लवकर’ असंच लिहावं. विदर्भातल्यांनी ‘झाला का बे चहा?’ म्हणावं. जी बोली एकत्र राहताना होती तीच ठेवायची, मग आज पुण्यात किंवा परदेशात कशीही बोलत असाल. मराठी देवनागरीत लिहायची की इंग्रजी अक्षरांत, हाही तोच प्रश्न आहे: ग्रुपवर आजवर जसं चाललंय तसंच. सगळ्या इंग्रजी अक्षरांत लिहीत असताना एकीने अचानक देवनागरीत सुविचार टाकला की तो कुठूनतरी उचललाय असंच वाटतं.

पुरुषांच्या ग्रुपवर माया बहुतेक वेळा शिवीच्या शेजारी राहते. तिथे ‘प्रिय मित्रांनो’ लिहिलं तर कुणाला पैसे हवेत का अशी शंका येईल. ‘साहेब उठले का, की अजून अंथरुणातून कंपनी चालवतायत?’ एवढं तिथे पुरेसं मऊ आहे.

चिमटे काढताना एक कुंपण मात्र घालून घ्या. वजन, लग्न, मूलबाळ, नोकरी गेलेली असणं आणि नवऱ्याचा पगार या विषयांवर सकाळी विनोद करू नये. समोरासमोर तो निभावतो कारण चेहरा दिसतो. लिहिलेला विनोद माणूस एकटा, दात घासताना वाचतो. स्वतःवरचा चिमटा आणि सगळ्यांची मिळून असलेली जुनी फजिती हे दोन विषय कधी संपत नाहीत.

तेच-ते का वाटतं, आणि ते कसं पकडायचं

दोन-तीन आठवडे असे मेसेज पाठवले की एक गंमत होते. शब्द रोज नवे असतात, तरी वाचणाऱ्यांना साचा कळतो. आधी एक निरीक्षण, मग एकीला टोमणा, शेवटी ‘उठा गं’. पुनरुक्ती शब्दांपेक्षा बांधणीत जास्त असते, आणि लिहिणाऱ्याला ती दिसत नाही.

पकडायचा सोपा मार्ग म्हणजे ग्रुपमध्ये वर सरकत जाऊन स्वतःचेच मागचे सात-आठ मेसेज सलग वाचायचे, मधली उत्तरं सोडून. सलग वाचल्यावर दोन मिनिटांत कळतं. किंवा ग्रुपच्या आतल्या शोधात आपला आवडता शब्द टाकून बघा. प्रत्येकाचा एक असतो: ‘मस्त’, ‘चला’, ‘मग काय’. माझा ‘असो’ आहे. तो किती ठिकाणी निघतो हे बघून माणूस पंधरा दिवस तरी सुधारतो.

बांधणी बदलायची म्हणजे नेमकं काय, ते त्याच आठवड्यात पुढे बघू. मंगळवारी गोष्ट सांगून झाली. गुरुवारी प्रश्न विचारा, पण सगळ्यांना नाही, एकीलाच, आणि जिचं उत्तर बाकीच्यांनाही ऐकायचंय असा:

*मास्तरीण, खरं सांग, प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटून तू काय विचार करतेस?*

हा गुड मॉर्निंगचा मेसेज आहे हे कुणाला पटकन कळणारही नाही, म्हणूनच तो चालतो. याला उत्तर येतंच, आणि त्यावर बाकीच्या तिघी तुटून पडतात.

शनिवारी आज्ञा, एकाच ओळीची, तीही तिच्या सकाळच्या शाळेच्या आधी: *मास्तरीण, पिन तोंडातून काढ आणि मग गाडी चालव.* रविवारी बोलून पाठवा. सात-आठ सेकंदांचा आवाज, त्यात मागे कुकर वाजला तर वाजू दे. लिहिलेल्या मेसेजात जे येत नाही ते त्या शिट्टीत येतं. मिनिटभराचं भाषण मात्र नको, ते ऐकायला कानात काहीतरी घालावं लागतं आणि मग ते राहूनच जातं. पुढच्या आठवड्यात कधी फोटो, पण स्वतः काढलेला: भोगीच्या भाजीची कढई, अंगणात वाळत घातलेले पापड, धुक्यात अर्धा गायब झालेला गोदावरीचा पूल. नीट फ्रेम केलेला फोटो कुठूनतरी उचललेला वाटतो, थोडा हललेला घरचा वाटतो. खाली चार शब्द लिहा आणि थांबा. *सुमी, वास येतोय का?* एवढं बस.

आणि आठवण. आठवण हे सर्वांत जोरदार हत्यार आहे, म्हणून महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदाच बाहेर काढायचं. ‘ते दिवस किती छान होते’ असं लिहिलं की सगळ्यांना म्हातारं झाल्यासारखं वाटतं. त्याऐवजी एकच बारीक गोष्ट: *मंडईत डहाळे आलेत. हॉस्टेलच्या गच्चीवर टरफलं कुणी टाकली हे रेक्टरबाईंना अजून कळलेलं नाही, तेव्हा कुणी बोलू नका.* यात हळहळ नाही, कट आहे. कट करणाऱ्या बायका अजून तरुण असतात.

रोज पाठवायचा का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि ठरलेले वार नकोत. रोज आला की तो हजेरीचा होतो आणि एक दिवस चुकला की ‘बरी आहेस ना?’ अशी चौकशी सुरू होते. शिवाय रोजच्या मेसेजला उत्तर देणं हे इतरांवर ओझं होतं. त्यातली एखादी गुपचूप ग्रुप म्यूट करते आणि तिला दोष देता येत नाही.

चालतंय की नाही हे कशावरून ओळखायचं

उत्तरांकडे बघा, पण किती आली याकडे नाही. उत्तरात नवीन काही आलं का ते बघा. जोडलेले हात, अंगठा किंवा ‘शुभ सकाळ’ असं परत आलं, तर मेसेज अभिवादन म्हणून घेतला गेला आणि प्रकरण मिटलं. ‘आमच्या दूधवाल्याने हेल्मेटच घातलंय’ असं आलं, तर मेसेज पोचला. सलग तीन-चार वेळा फक्त हात जोडलेले दिसले तर तुमच्या मेसेजात उत्तराला जागा नाही असं समजा. बहुधा तुम्ही गोष्ट पूर्ण सांगून, वर शुभेच्छा देऊन दार लावून घेताय. एखादी बाजू उघडी सोडा.

दुसरी खूण जरा नाजूक आहे. महिनाभरात कुणाचं नाव किती वेळा घेतलं ते आठवा. बोलकी आणि गमतीशीर मैत्रीण मेसेजात सारखी येते, शांत असलेली कधीच येत नाही. पाचजणींत हे पटकन लक्षात येतं, फक्त कुणी बोलत नाही. आपल्या उदाहरणात मास्तरीण दोनदा येऊन गेली, वैजू आणि रेवू एकेकदा, सुमी फक्त कढईपुरती. तेव्हा पुढचा मेसेज सुमीचा. तिलाच उद्देशून, आणि तिच्या तिकडच्या आयुष्याबद्दल. सारखं ‘तू इथलं काय काय मिस करतेस’ हे नको, ते प्रेमाने म्हटलं तरी बोचतं. २०२२ पासून दुबईतही शनिवार-रविवार सुट्टी असते, पूर्वीसारखी शुक्रवार-शनिवार नाही, म्हणून रविवारी ती खरोखर मोकळी असते: *सुमी, रविवार तुझाही आमचाही. तुझ्या बाल्कनीतून आत्ता काय दिसतंय ते फोटो न काढता सांग.*

मेसेज कुणी वाचला आणि कुणी नाही हे ग्रुपमध्ये माहितीत बघता येतं. ते बघू नका. ‘वाचलंस पण बोलली नाहीस’ हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की तुमच्या पुढच्या प्रत्येक शुभ सकाळीला वसुलीचा वास येतो.

ज्या सकाळी गंमत करायची नसते

रेवूच्या वडिलांच्या ऑपरेशनचा दिवस. त्या दिवशी मफलर, डहाळे, चिमटे सगळं बंद. पण मौनही नको, कारण ती हॉस्पिटलच्या बाकावर फोन हातात घेऊनच बसलेली असते. पहिला मेसेज तिला एकटीला, ग्रुपवर नाही: *आत नेलं की फक्त ‘नेलं’ एवढं टाइप कर. उत्तर द्यायची गरज नाही. मी फोन जवळ ठेवलाय.* ग्रुपवर टाकायचं तर दुसऱ्यांचा उपयोग होईल असं काहीतरी: *वैजू, ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी घरच्यांनी काय विचारायचं डॉक्टरांना? रेवूला चार ओळी लिहून दे.* यात ‘सगळं ठीक होईल’ नाही. ते कुणालाच माहीत नसतं, आणि बाकावर बसलेल्या माणसाला ते ऐकून एकटं वाटतं. ‘उत्तर द्यायची गरज नाही’ हे मात्र अशा प्रत्येक मेसेजात जरूर लिहा.

कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर तेरा दिवस तरी ग्रुपवर ‘शुभ’ काही नको. तिला सकाळी लिहायचं असेल तर साधं विचारा: झोप लागली का? थोडं खाल्लंस का? नंतर गंमत पुन्हा कधी सुरू करायची हे तीच ठरवते. बहुतेकदा तीच एखादा जुना चिमटा काढते, मग बाकीच्यांनी मोकळं व्हायचं.

उरला तो रोजचा, क्षुल्लक पेच. मेसेज डोक्यात तयार होता, पण डबे, पाणी, गॅसवाला यात साडेअकरा झाले. आता ‘सॉरी, आज उशीर झाला, तरी शुभ सकाळ’ असं पाठवू नका. त्याने तो कर्तव्य होतो. सकाळ गेली तर गेली. दूधवाल्याची गोष्ट उद्यासाठी ठेवली तर शिळी होईल, तेव्हा तीच दुपारच्या अंगाने सांगा: *सकाळ कुठे गेली कळलं नाही. दूधवाल्या काकांचे डोळे दिसले होते एवढं आठवतंय. वैजू, उठलीस का?*